गाडी बघ

माझी बायको आणि तिचा थोरला भाऊ यांचं एकमेकांवर अतोनात प्रेम आहे, म्हणून ते एकमेकांना फोन करणं टाळतात. फोन केला की बोलणं होतं, बोलणं लांबलं की अमळनेरच्या घरावरचे पत्रे कोणी बदलायचे हा विषय निघतो, आणि तो निघाला की त्या रात्री दोन घरांत मिळून एक माणूस उपाशी झोपतो. त्यामुळे बहीण-भावाचा सगळा कारभार मोबाइलवर लेखी चालतो.

लेखी म्हणजे अगदीच बेताचा लेखी. दादांचं अमळनेरला धान्याचं अडत दुकान आहे. त्यांच्या वडिलांच्या काळात व्यापाऱ्यांना भाव तारेने कळवत. तारेला शब्दागणिक पैसे पडत, तेव्हा प्रत्येक शब्द घरातून निघतानाच वजन करून निघे. 2013 च्या जुलैमध्ये तार बंद झाली, पण दादांच्या घराण्यातली काटकसर काही बंद झाली नाही. आता शब्द फुकट आहेत हे त्यांना ठाऊक आहे, तरी कर्ता, क्रियापद आणि विरामचिन्हं एकाच निरोपात वापरणं त्यांना उधळपट्टी वाटते. फरक एवढाच की तार ऑफिसात खिडकीच्या पलीकडे एक कारकून असे. तो शब्द मोजण्यासाठी का होईना, मजकूर वाचायचा आणि काही कळलं नाही तर चष्म्यावरून बघायचा. निरोप पाठवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तो एकदा वाचलेला असायचा. मोबाइलमध्ये हा चष्मेवाला नाही.

आम्ही मसाटला राहतो. सिल्वासा सोडून खानवेलच्या रस्त्याला लागलं की सामरवरणीनंतर मसाट. सरकारी औद्योगिक वसाहत, सुताचे आणि प्लास्टिकचे कारखाने, पाळ्यांचे भोंगे आणि दिवसरात्र ट्रक. आमच्या इमारतीत ओडिया आहेत, बिहारी आहेत, गुजराती आहेत आणि नोकरीसाठी जळगाव-धुळ्याकडून आलेले आमच्यासारखे खानदेशी आहेत. जिन्यात चार भाषा ऐकू येतात, मोबाइलवर मात्र सगळ्यांची लिपी एकच, रोमन. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरपासून वहिनींच्या वाढदिवसापर्यंत सगळं त्याच लिपीत येतं, आणि जाताना मात्रा, वेलांट्या, ण आणि ळ वाटेत सांडत जातात.

तर डिसेंबर संपत आला असताना एका संध्याकाळी दादांचा निरोप आला. तो जसाच्या तसा देतो:

`Atya 2 jan vapi 9 la. gadi bagh`

बायकोने तो वाचला, खालोखाल अंगठा उमटवला आणि मला म्हणाली, "आत्या येतेय. दोन जानेवारीला. वापीला नऊ वाजता."

मीही वाचला. मलाही तेच दिसलं. खरं सांगायचं तर आजही तो निरोप कोणाला दाखवला तर दहातले नऊ तेच वाचतात. जो दहावा असतो त्याचं दुकान अमळनेरला आहे.

एकच शंका होती. नऊ म्हणजे सकाळचे की रात्रीचे? दादांना विचारावं, असं मी सुचवलं. बायको म्हणाली, "रात्रीचे असते तर त्याने रात्री लिहिलं नसतं का?" ज्या माणसाने वाक्यात क्रियापद लिहिलं नाही तो रात्र लिहील, हा तिचा विश्वास बहिणीचाच असू शकतो. शिवाय परत विचारलं की दादांचं उत्तर ठरलेलं असतं, "वाचता येत नाही का?" थोरल्या भावाच्या निरोपाचा अर्थ त्यालाच विचारणं हे त्यांच्या घरी परीक्षेत पर्यवेक्षकाला उत्तर विचारण्यासारखं धरतात.

राहिलं "गाडी बघ". मराठीत बैलगाडीपासून राजधानी एक्स्प्रेसपर्यंत सगळ्याला गाडीच म्हणतात. बायकोच्या मते याचा अर्थ, कोणती आगगाडी नऊला वापीला येते ते तू बघ. हा तू म्हणजे अर्थातच मी. मी बसलो बघत. अमळनेर तापी लाइनवर आहे. तिथून थेट वापीला येणारी गाडी रोज नसते. नसेल त्या दिवशी उधन्याला नाहीतर सुरतेला उतरून दुसरी धरायची. थेट गाडीची वेळ काही नऊच्या जवळपास बसेना. पण सुरत ते वापी हा मुंबई-अहमदाबादचा हमरस्ता. त्यावर दिवसाच्या कुठल्याही घटकेला मागेपुढे काहीतरी येतच असतं. तेव्हा आत्या रात्री अमळनेरहून निघणार, पहाटे उधन्याला उतरणार, तिथून सकाळची गाडी धरणार आणि नऊच्या सुमारास वापीत, असा प्रवास आम्ही तिच्यासाठी घरबसल्या आखून टाकला. गुडघ्यांची दुखणेकरीण बाई पहाटे उधन्याला फलाट कशाला बदलेल, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. नऊला गाडी सापडली ना, मग वाचलेलं बरोबरच होतं.

दरम्यान 31 डिसेंबर येऊन गेला. गुजरातेत दारूबंदी आणि आमच्याकडे नाही, त्यामुळे त्या दिवसांत सिल्वासाच्या लोकसंख्येत जी भर पडते ती जनगणनेत कधी दिसत नाही. रस्ते भरतात, हॉटेलं भरतात आणि मग सगळे गुपचूप परत जातात. या गर्दीतून बायकोने आत्यासाठी कळण्याच्या भाकरीचं पीठ मिळवलं. भरताची वांगी मिळाली नाहीत. मिळाली ती उंधियूत टाकायची एवढीएवढीशी. त्यांच्याकडे बघून तिने जो सुस्कारा टाकला, तो माझ्या मसाटच्या नोकरीला उद्देशून होता.

दोन तारखेला मी पाळी बदलून घेतली, शेजाऱ्यांची इको मागितली आणि आम्ही सकाळी निघालो. बरोबर थर्मास होता, आत्यासाठी आलं-तुळशीचा काढा.

मसाट ते वापी अंतर वीस-बावीस किलोमीटरचं, पण भूगोल गमतीचा आहे. दादरा आणि नगर हवेली हे दोन वेगवेगळे तुकडे आहेत आणि मध्ये गुजरातची पट्टी आहे. म्हणजे आम्ही नगर हवेलीतून निघून गुजरातेत शिरलो, मग दादरामध्ये म्हणजे परत केंद्रशासित प्रदेशात आलो, आणि वापीला पुन्हा गुजरातेत. एका नातेवाइकाला आणायला तीन वेळा सीमा ओलांडायची. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सिल्वासाकडून येणाऱ्या गाडीत थर्मास घेऊन बसलेलं जोडपं पोलिसांना मननीय वाटलं. एकाने झाकण उघडून वास घेतला, काढा असल्याची खात्री झाल्यावर चेहरा पाडला आणि जाऊ दिलं.

वापीला नऊच्या आधी पोचलो. एक गाडी आली, माणसं उतरली, त्यांत आत्या नाही. दुसरी आली, त्यांतही नाही. साडेनऊ झाले. दादांना फोन करावा तर ते म्हणणार, "एवढं कळवलं तरी एक माणूस सापडत नाही?" म्हणून बायकोने थेट आत्यालाच फोन लावला. फलाटावर तीन भाषांत घोषणा चालू होत्या. माझ्या कानावर आलेलं संभाषण असं:

"आत्या, कुठं आहेस गं?"

"कुठं म्हणजे? घरी."

"घरी? कधी पोचलीस?"

"काल रात्रीच आले."

आत्या आदल्या रात्री चोपड्याला लेकीकडे जाऊन परतली होती. हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी बायकोला एवढंच कळलं की आत्या काल रात्रीच मसाटला आली.

"अगं, मग कळवायचं नाही का? सोडलं कोणी?"

"रिक्षावाल्याने. दुसरं कोण सोडणार?"

"आणि कुलूप?"

"काकांनी उघडलं ना."

"काकाही आहेत?"

"मग काका कुठं जाणार? ते घरीच असतात."

बायकोने फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "काकाही आलेत. कुलूप उघडलं त्यांनी." आदल्या रात्री आम्ही दोघंही त्याच घरात झोपलो होतो, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, "आपण निघाल्यावर आले असतील. ती गोंधळलीय बिचारी, रात्रभर प्रवास झालाय." आणि परत फोनकडे वळली.

"आत्या, काही खाल्लंस का?"

"पोहे केले."

"पोहे सापडले तुला?"

"न सापडायला काय झालं? डब्यात होते."

बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "पोह्यांचा डबाही सापडला तिला." आता शंकेला जागाच उरली नाही. माणसाला एकदा चुकीचं पटलं की पुढचा प्रत्येक शब्द त्याच बाजूने साक्ष देतो. पोहे अख्ख्या महाराष्ट्रात डब्यातच असतात, पण त्या सकाळी ते फक्त मसाटच्या डब्यात होते.

"बरं, तुम्ही आराम करा. आम्ही निघालोच. येतोच."

"या की," आत्या म्हणाली. "कधीही या. घर तुमचंच आहे."

आमच्याच घरी ती आम्हाला बोलावत होती, तरी त्यातही बायकोला वावगं वाटलं नाही. आत्या मनाची मोठी आहेच.

इकडे आम्ही वापीतून निघालो आणि तिकडे अमळनेरात आत्याने फोन ठेवून काकांना सांगितलं की भाची आणि जावई आज येतायत, निघालेत. काकांनी दादांना कळवलं. बहीण आणि मेहुणे न कळवता येतायत म्हटल्यावर दादा हलले. जावई यायचा म्हणजे खानदेशात नुसता वरणभात चालत नाही. आणि किती माणसांचा स्वयंपाक ते कळायला हवं, म्हणून त्यांनी बहिणीला विचारलं:

`kiti jan?`

आम्ही तेव्हा दादराच्या आसपास एका कंटेनरच्या मागे अडकलो होतो. बायकोने निरोप वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "दादाला आता आज तारीख कोणती तेही मी सांगायचं." आणि तिने उत्तर दिलं:

`2 jan`

पलीकडून अंगठा आला.

हा अंगठा म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं मूळ, असं माझं मत आहे. पहिल्या निरोपाला बायकोने अंगठा दिला तेव्हा दादांना वाटलं तिला कळलं. आता दादांनी दिला तेव्हा बायकोला वाटलं त्यांना कळलं. अंगठा एवढंच सांगतो की निरोप पोचला आणि पाहणाऱ्याला काही अर्थ लागला. कोणता लागला हे तो सांगत नाही. दोन्ही बाजूंनी अंगठे लागल्यावर तर दस्तऐवज नोंदवल्यासारखाच झाला, मग त्यात लिहिलेलं दोघं वेगवेगळं का वाचत असेनात.

थोड्या वेळाने आणखी एक निरोप आला: `gadi konti?` दादा अमळनेर स्टेशनवर आम्हाला उतरवून घ्यायला कोणत्या गाडीला जाऊ म्हणून विचारत होते. बायकोला वाटलं, आत्याला न्यायला कोणती गाडी नेली होती त्याची चौकशी. तिने कळवलं, `shejaryanchi eeco`. आम्ही मसाटहून अमळनेरपर्यंत शेजाऱ्यांची इको घेऊन येतोय म्हटल्यावर दादांना माझ्या धाडसाचं कौतुक वाटलं, असं ते पुढे म्हणाले. या घराण्याने माझं केलेलं हे पहिलंच कौतुक आणि तेही गैरसमजातून.

घरी पोचलो. दाराला कुलूप होतं, आणि ते आम्हीच सकाळी लावलेलं. बायकोने दार उघडून आतल्या दोन्ही खोल्या पाहिल्या, मग पोह्यांचा डबा पाहिला. डबा भरलेला होता. तेव्हा कुठे तिच्या आवाजात पहिल्यांदा कंप आला. तिने परत फोन लावला.

"आत्या, तू घरात नाहीयेस!"

"अगं, घरातच आहे. तुमच्यासाठीच तर पोळ्या लाटतेय."

"कोणाच्या घरात?"

"माझ्या. आणखी कोणाच्या घरात लाटू?"

मग बराच वेळ दोन्हीकडून कोणी बोललं नाही. शेवटी दादांनाच फोन लावावा लागला. घरच्या पत्र्यांचा विषय न निघता झालेला तो त्या वर्षातला पहिला फोन. अर्थात वर्ष सुरू होऊन दोनच दिवस झाले होते.

"दोन जानेवारी कोणी सांगितलं तुला?" दादा ओरडले.

"तू! लिहिलंयस. दोन जान."

"जान नाही, जण! दोन जण! नऊ तारखेला दोन जण येतायत. वापीला. गाडी बघून ठेव म्हटलं, आत्याचे गुडघे दुखतात, तिला शटल रिक्षात कोंबू नकोस!"

आता तुम्हीच तो निरोप परत वाचून बघा. आत्या, दोन जण, वापी, नऊला, गाडी बघ. दादांच्या बाजूने पाहिलं तर त्यात चुकीचा एकही शब्द नाही. न आणि ण या दोघांनाही रोमनमध्ये एकच अक्षर, अ आणि आ यांनाही एकच. त्यातून `jan` हे इंग्रजी महिन्याचं नेमकं तीन अक्षरी रूप. नऊला म्हणजे नऊ तारखेला असंही होतं आणि नऊ वाजता असंही. आणि हे सगळं डिसेंबरच्या अखेरीस, जेव्हा जानेवारी तोंडावर असतो. ऑगस्टमध्ये हाच निरोप आला असता तर आम्ही त्याचा अर्थ बरोबर लावला असता. भरीस भर म्हणजे दोन आणि नऊ यांच्यात बरोबर एका आठवड्याचं अंतर. वार तोच, त्यामुळे मी गाड्या बघितल्या तेव्हा वेळापत्रकानेही काही कुरकुर केली नाही.

"तिकिटाचा फोटो पाठवला असतास तर?" बायको म्हणाली. त्या एका फोटोवर गाडी, तारीख आणि माणसांची संख्या, तिन्ही गोष्टी असतात.

"निरोप दिला होता की," दादा म्हणाले. "परत फोटो कशाला?"

मग काकांनी फोन घेतला. आत्याचे यजमान रेल्वेत स्टेशन मास्तर होते आणि निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारत नाही, त्यामुळे ही संधी त्यांनी सोडली नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे पुढच्या स्टेशनला गाडी सोडायची म्हणजे आधी त्याच्याकडून लाइन क्लिअर घ्यायची. तो नुसतं हो म्हणाला तर आम्ही सोडत नसू. तो त्याच्याकडच्या तक्त्यातला एक प्रायव्हेट नंबर देणार. दोन आकडी. तो मी ऐकायचा, परत म्हणून दाखवायचा आणि वहीत गाडीच्या नंबरासमोर लिहायचा. एकदा दिलेला नंबर तो तिकडे खोडणार, म्हणजे कालच्या परवानगीवर आजची गाडी कोणी सोडू नये. मग उद्या काही झालं तर कोण कोणाला कोणत्या गाडीबद्दल काय म्हणालं ते वहीत असतं."

"हो काका," बायको म्हणाली.

"बाळ, तुझ्या त्या अंगठ्यावर मी रिकामी मालगाडीसुद्धा सोडली नसती."

आत्याने शेवटी फोन घेतला आणि जिवंतपणी हरवल्याबद्दल अहिराणीत जे सुनावलं ते इथे देण्यासारखं नाही. शिवाय आमच्यासाठी लाटलेल्या पोळ्या आणि दादांनी आणलेलं श्रीखंड कोणी संपवायचं, हा प्रश्न तिकडे होताच.

पुढे भरपाईची बोलणी सुरू झाली. आम्ही राहतो त्या मुलखाचा जन्मच भरपाईतून झालेला आहे. मराठ्यांच्या आरमाराने 1772 मध्ये पोर्तुगीजांचं सांताना नावाचं जहाज पकडलं, त्याच्या नुकसानीपोटी 1779 मध्ये तह झाला आणि 1783 मध्ये नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांकडे महसुलासाठी गेली. ती सुटायला 1954 साल उजाडावं लागलं. एका जहाजापायी एवढं, तर माझी बदललेली पाळी, इकोचं पेट्रोल आणि पोलिसांनी हुंगलेला काढा याचं काय? बायकोने दादांकडून अमळनेरची भरताची वांगी, बिबडे आणि तिखट अशी भरपाई कबूल करून घेतली. नऊ तारखेला येणाऱ्यांबरोबर माल पाठवायचा, असं ठरलं. तारीख तिने तीनदा म्हणवून घेतली.

या सगळ्या वाटाघाटींत एक गोष्ट कोणीच विचारली नाही. दोन जण म्हणजे एक आत्या, हे उघड होतं. दुसरं कोण? दादांना वाटलं, ते बहिणीला ठाऊकच असणार. बायको धरून चालली की काकाच, आणखी कोण येणार! तिने काकांसाठी न्हाणीघरात पाट ठेवला, मराठी पेपर चालू केला आणि जेवणात मीठ कमी असेल अशी मला सूचना दिली. मी त्या रविवारी नेहमीप्रमाणे माझ्या आईला फोन केला. माझी आई धुळ्याला असते. फोन ठेवताना ती म्हणाली, "बाकीचं भेटल्यावर बोलू." ती गेली कित्येक वर्षं फोन याच वाक्याने ठेवते.

नऊ तारखेला इको घेऊन आम्ही पुन्हा वापीला गेलो. या वेळी थर्मास नेला नाही. गाडी आली, डब्याच्या दारात आत्या दिसली. बायको हात धरायला पुढे झाली. आत्या सावकाश उतरली आणि मागे वळून म्हणाली, "या विहीणबाई, जपून."

मागून माझी आई उतरली. हातात वांग्यांची पिशवी होती.

बायकोच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे बदल झाले त्यांचं वर्णन करण्याची माझी योग्यता नाही. एका क्षणात मीठ कमी असलेला स्वयंपाक, न झाडलेला माळा आणि सासूबाईंनी दिलेल्या, पण कपाटात मागे सारलेल्या स्टीलच्या डब्यांचा संच असं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. तरी खानदेशची मुलगी, पुढच्याच क्षणी ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "या आई, कधीची वाट बघतोय."

आई माझ्याकडे वळली. "दादांना म्हटलं होतं, मीही येतेय ते कळवा. निरोप मिळाला ना?"

"मिळाला," मी म्हणालो. "त्यात तू होतीस."

आणि हे खरंच होतं. माझी जन्मदात्री त्या निरोपात रीतसर नमूद होती. दोनच्या आकड्याचा उत्तरार्ध ती होती.

आत्या आणि आई पुढे बरेच दिवस राहिल्या, खानवेलला जाऊन आल्या, बिंद्राबिनच्या महादेवाचं दर्शन झालं, भरीत दोनदा झालं. दोघींचं इतकं जमलं की रात्री त्या गप्पा मारायच्या आणि आम्ही बाहेरच्या खोलीत दादांना परतीच्या तारखेचा निरोप लिहायचो. तो निरोप बायकोने देवनागरीत लिहिला, त्यात तारीख, वार, वेळ, गाडीचा नंबर आणि दोन्ही बायकांची नावं घातली, आणि खाली लिहिलं, "हे सगळं परत लिहून पाठव." दादांनी अंगठा पाठवला. तिने परत लिहिलं, "अंगठा नको, लिहून पाठव." अर्ध्या तासाने उत्तर आलं. सगळं बरोबर होतं, पण दादांना किती कष्ट पडले असतील ते शेवटच्या ओळीवरून कळलं: "एवढ्यात तर फोन झाला असता."

माझी वाचकांना एक विनंती आहे. रोमन मराठी आता सुटणार नाही, ती सोडा असं मी म्हणत नाही. पण `sun yete` असा निरोप आला तर सून येतेय की रविवार, `sat la ye` म्हणजे सातला की शनिवारी, आणि `may yeil` म्हटलं तर माय येणार की नुसता उन्हाळा, याचा विचार पाठवणाऱ्याने करावा. वाचणाऱ्याला एकच अर्थ दिसतो आणि तो लगेच अंगठा देतो. तेवढंही जमत नसेल तर निदान डिसेंबर आणि जानेवारीत पाहुणे पाठवताना "जण" हा शब्द देवनागरीत लिहा, आणि त्या जणांत कोणाची सासू असेल तर तिचं नाव घाला.